‘घरी जाते’ : एका अनुस्वाराची आणि एका भाषांतराची गोष्ट

गेल्या हिवाळ्यात आपल्या मंडळातल्या एका कुटुंबाने माझ्याकडे एक काम सोपवले. त्यांच्या पणजीबाईंचा चाळीस-पन्नास पानांचा एक कवितासंग्रह होता. तो घरच्या पैशांनी छापलेला, आज बाजारात कुठेही न मिळणारा. त्याची उरलेली एक प्रत साताऱ्याला एका नातेवाइकांकडे आहे. तिथून एका पानाचा फोटो काढून फोनवर पाठवण्यात आला होता. घरातली सोळा वर्षांची मुलगी कुटुंबाच्या एका कार्यक्रमात ही कविता इंग्रजीत वाचणार होती. समोर बसणाऱ्यांपैकी निम्म्यांना मराठी येत नव्हते. बारा ओळींची कविता, एक संध्याकाळ पुरेल, असे मी धरून चाललो. तीन आठवडे लागले, आणि त्यातला पहिला आठवडा मूळ कविता नीट वाचण्यातच गेला.

फोटोत मला जे दिसले ते आधी जसेच्या तसे देतो :

चाळीच्या खोलीत
पहाट होईना
ओवीही येईना
घरी जाते

मुठीची वैरण
मुठीतच राहे
खुंटा वाट पाहे
फिरण्याची

पीठ गिरणीचे
ऊन ऊन हाती
नाही त्यात नाती
कोणाचीच

गाव सोडून मुंबईच्या चाळीत संसार मांडलेल्या बाईची ही कविता आहे. पहिल्या कडव्याच्या शेवटच्या चरणाचा अर्थ मी सरळ लावला होता : पहाट होत नाही, ओवी येत नाही, म्हणून मी घरी जाते. मुलीने त्याआधीच स्वतः एक कच्चा तर्जुमा करून ठेवला होता. त्यात तिसऱ्या कडव्याचा अर्थ तिने असा घेतला होता की त्या पिठात कोणाच्याच नाती नाहीत. नाती म्हणजे मुलीच्या किंवा मुलाच्या मुली! तिच्या आईला हसू आले, पण मुलीची चूक म्हणावी तर तीही पुरती नव्हती. आजच्या लेखनात ‘नाते’चे अनेकवचन आणि ‘नात’चे अनेकवचन अगदी सारखेच दिसते.

त्यावरून मी पुस्तकाचे साल विचारले. ते १९६२च्या आधीचे निघाले, आणि मग फोटोकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम राज्य सरकारने १९६२ साली मान्य केले, तोवर न उच्चारले जाणारे अनुस्वारही छापले जात. ‘खोलींत’, ‘मुठींत’, ‘नाहीं’, ‘गिरणीचें’ अशा सगळ्या शब्दांवर टिंब असे. ही टिंबे शोभेची नव्हती. सप्तमी, नपुंसकलिंग, अनेकवचन यांची ती खूण होती. ‘नातीं’ म्हणजे नाते या शब्दाचे अनेकवचन, आणि ‘नाती’ म्हणजे मुलांच्या मुली. ‘जातें’ म्हणजे दळायचे जाते, आणि ‘जाते’ म्हणजे ती जाते. तेव्हा माझ्यासमोरच्या फोटोत एकही टिंब नाही, याचा अर्थ काय घ्यायचा?

फोटोवरून कविता लावताना इथे फसायला होते. दिसत नाही म्हणून नाही, असे आपण पटकन ठरवतो. मी वेगळी परीक्षा लावली. जिथे टिंब असायलाच हवे अशा जागा आधी पाहिल्या : ‘खोलींत’ आणि ‘त्यांत’. तिथेही ते दिसत नव्हते. म्हणजे टिंबांचे नसणे हा कवयित्रीचा किंवा छापखान्याचा दोष नव्हता, तो फोटोचा होता. फोटो वरून, दिव्याच्या उजेडात काढलेला होता. कागदाच्या चकाकीत बारीक शाई विरून गेली होती, आणि फोनवरून पाठवताना चित्र आणखी आक्रसले होते. दुसरी छापायच्या खिळ्यांची गोष्ट. ‘रीं’सारख्या अक्षरात टिंब वेलांटीच्या वळणाला इतके खेटून असते की चित्र किंचित अस्पष्ट झाले तरी ते वेलांटीतच मिसळून जाते. ‘तें’मध्ये ते मात्रेच्या कुशीत बसते आणि मात्राच जरा जाड दिसते.

मी साताऱ्याला निरोप पाठवला : दिवसा, खिडकीजवळ, उजेड एका बाजूने पडेल असे पान धरून, पुस्तक पूर्ण उघडून फोटो काढा, आणि चित्र म्हणून न पाठवता फाइल म्हणून पाठवा. मागचे आणि पुढचे पानही मागवले, कारण कविता पानाच्या तळाशी संपते की उलटून पुढे जाते हे एका फोटोवरून सांगता येत नाही. (ती संपत होती. पुढच्या पानावर गौरीचे गाणे होते.) नवा फोटो आला आणि त्यात टिंबे एकेक करून उगवली. ‘खोलींत’, ‘त्यांत’, ‘नातीं’, ‘कोणाचींच’. आणि पहिल्या कडव्याच्या शेवटी, दोन्ही शब्दांवर : ‘घरीं जातें’.

म्हणजे जाते घरी आहे! ती घरी जात नाही. ती खोलीतच आहे, आणि दळायचे जाते गावच्या घरी राहिले आहे, म्हणून पहाट होत नाही आणि ओवी येत नाही. सगळी कविता जागेवर बसली. पुढच्या कडव्यातली वैरण आणि खुंटा, तिसऱ्यातले गिरणीचे पीठ, सगळे त्या एका शब्दाच्या मागे ओळीने येऊन उभे राहिले. माझा आधीचा अर्थ म्हणजे शुद्ध अज्ञान होते असे समजून मी आनंदाने मंडळातल्या एका काकूंना फोन केला. त्यांची सगळी प्राथमिक शाळा जुन्या शुद्धलेखनात झालेली.

त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “अरे, पण आम्ही शाळेत ‘मी जातें’ हेसुद्धा टिंब देऊनच लिहायचो. प्रथमपुरुषाला अनुस्वार असायचा. मी जातों, मी जातें. ‘ती जाते’ला नसायचा.”

“म्हणजे काकू, दोन्ही अर्थ होतात?”

“दोन्ही होतात. आणि बाईला ते कळत नसेल असं तुला का वाटतं?”

काकूंचा हा प्रश्न मी त्यानंतर बरेच दिवस उलटसुलट करून पाहिला. जुन्या लेखनाने एकच अर्थ बाद होतो, तो म्हणजे ‘ती जाते’. ‘जाते घरी आहे’ आणि ‘मी घरी जाते’ हे दोन्ही टिकतात. मला वाटते, कवयित्रीने हा श्लेष जाणूनच योजला आहे. याचा पुरावा दुसऱ्या कडव्याच्या शेवटी आहे : ‘फिरण्याची’. खुंटा कशाची वाट पाहतो? जाते फिरण्याची, आणि बाई माघारी फिरण्याची. दोन कडव्यांच्या शेवटच्या आखूड चरणांत लागोपाठ दोन दुहेरी शब्द सहसा चुकून पडत नाहीत. तिसऱ्या कडव्यात मात्र श्लेष नाही. तिथे ‘कोणाचींच’ असा कोरडा, एकेरी शब्द आहे. गिरणीच्या पिठाला दुसरा अर्थ नसतो, असेच जणू.

आता लय. ही कविता देवद्वार छंदात आहे : सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचे यमक. अभंग म्हणणाऱ्यांच्या हा छंद अंगवळणी पडलेला असतो. गंमत अशी की ‘ओवी येईना’ म्हणणारी बाई ते अभंगाच्या छंदात म्हणते. जात्यावरची ओवी अक्षरे मोजून चालत नाही. ती जात्याच्या फेऱ्यावर चालते. ओढताना शब्द लांबतात, हात बदलताना थांबतात. हेमा रायरकर आणि गी पॉइतवँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या. त्यांतल्या ध्वनिमुद्रित ओव्या ऐकल्या की कागदावरचा आणि जात्यावरचा फरक लगेच कानावर येतो. या बाईंकडे जाते नव्हते, म्हणून फेरा नव्हता, म्हणून त्यांनी मोजलेल्या अक्षरांचा आधार घेतला. हा माझा तर्क आहे, पण भाषांतर करताना तो मला उपयोगी पडला : इंग्रजीतही पसरट गाणे करायचे नाही, मोजके, चौकटीतले काहीतरी करायचे.

पण मोजायचे काय? पहिला मोह अक्षरांच्या जागी इंग्रजी अवयव मोजण्याचा होतो. कडव्यात बावीस अक्षरे, म्हणून इंग्रजीतही बावीस. कुटुंबातल्या एका काकांनी असा एक खर्डा आधीच केला होता आणि तो प्रामाणिकपणे बावीस भरत होता. पण त्यात खोली उदास झाली होती, पहाट काळोखी झाली होती आणि जाते जुने व प्रेमळ झाले होते. मूळ कडव्यात एकही विशेषण नाही. असे का झाले, ते शब्द मोजले की समजते. मराठीत त्या बावीस अक्षरांत फक्त आठ शब्द आहेत, कारण ‘च्या’, ‘त’, ‘ही’, ‘ना’ हे सगळे शब्दांना चिकटून येतात. इंग्रजी शब्द तोकडे. बावीस अवयव भरायचे तर तिथे वीसेक शब्द लागतात, आणि सांगायचे तर तेवढे नसते. मग रिकाम्या जागा विशेषणांनी भरल्या जातात, आणि कविता हळहळू लागते.

शिवाय आपले अक्षर आणि त्यांचा अवयव ही एकच वस्तू नव्हे. ‘खोलींत’मधला ‘त’ बोलताना आपण गिळतो, छंदात मात्र तो पूर्ण अक्षर म्हणून मोजतो, आणि म्हणताना त्यावर रेंगाळतोही. इंग्रजी शब्द व्यंजनावर आदळून बंद होतो, तिथे रेंगाळायला जागा नसते. म्हणून मी मोजणी सोडली आणि आघात धरले. प्रत्येक ओळीत दोन ठोके, दुसऱ्या-तिसऱ्या ओळीचे यमक, आणि चौथी ओळ आखूड वाटेल अशी. यमक ठेवावे की नाही, यावर मतभेद होऊ शकतो. दिलीप चित्रे यांनी ‘सेज तुका’ (१९९१) या पुस्तकात तुकोबांचे अभंग इंग्रजीत नेताना मुक्तछंदाचा रस्ता धरला. तुकोबांच्या बाबतीत तो योग्य वाटतो, कारण तिथे बोलण्याचा जोर महत्त्वाचा. इथे मात्र ‘होईना–येईना’ ही जोडीच कवितेचा अर्थ आहे. दोन गोष्टी एकाच कारणाने थांबल्या आहेत, आणि ते यमकानेच कळते.

शेवटी जे हाती आले ते खाली देतो. इंग्रजी असले तरी देवनागरीतच लिहिले आहे. एकदा मोठ्याने वाचून पाहावे, म्हणजे ठोके कळतील.

अ रूम इन अ चॉल :
नो डॉन कम्स इन,
नो साँग विल बिगिन.
ॲट होम, द क्वर्न.

द क्वर्न्स माउथफुल
स्टेज इन द हँड;
द पेग मस्ट स्टँड
वेटिंग टु टर्न.

द मिल्स ओन फ्लावर,
वॉर्म, वॉर्म ऑन द स्किन.
इन इट, नो किन.
नो वन्स.

जात्याला क्वर्न हा शब्द मी नाइलाजाने घेतला. तो इंग्रजीतही जुना झाला आहे, आमच्या मुलीला तो माहीत नव्हता. पण मिल हा शब्द वापरता येईना, कारण जाते आणि गिरणी या दोघांना इंग्रजीत तोच एक शब्द, आणि कविता तर त्या दोघांच्या भांडणावर उभी आहे. (त्यात मुंबईत गिरणी म्हटले की कापडाचीही. त्या चाळीतले पुरुष बहुधा त्याच गिरणीत जात असतील. हा अर्थ इंग्रजीत मिल या शब्दाने आपोआप आला, तेवढाच नफा.) क्वर्नने आणखी एक काम केले. ‘घरीं जातें’मधला श्लेष एका शब्दात आणणे अशक्य होते. पण क्वर्न आणि टर्न यांचे यमक जुळते. पहिल्या कडव्याचा शेवट आणि दुसऱ्याचा शेवट एकमेकांना साद घालतात, आणि टर्न म्हणजे गोल फिरणेही आणि वळून माघारी येणेही. मूळचा श्लेष एका जागी होता, तो मी दोन कडव्यांवर पसरला. पहिल्या कडव्यात ‘मी घरी जाते’ हा अर्थ मात्र गेला, तो गेलाच.

होम हा शब्द अनपेक्षितपणे कामाला आला. मूळ कवितेत माहेर म्हटलेले नाही, सासर म्हटलेले नाही, नुसते ‘घरीं’ म्हटले आहे. कोणते घर ते बाईंनी सांगितले नाही आणि इंग्रजीलाही ते सांगावे लागत नाही. माहेर या शब्दाला प्रतिशब्द नाही, असे आपण इकडे प्रत्येक स्नेहसंमेलनात ऐकतो. माझा अनुभव असा की माहेर दोन वाक्यांत समजावता येते. खरे अडवतात ते साधे दिसणारे शब्द. पहाट घ्या. डॉन म्हणजे उजाडणे, फटफटणे. आपली पहाट उजाडण्याच्या आधीची, काळोखातली, बायकांच्या उठण्याची आणि दळण्याची वेळ. चाळीतही उजाडत होतेच. होत नव्हती ती पहाट, कारण त्या वेळी करायचे काम उरले नव्हते. डॉनमध्ये उजेड आहे, काम नाही. मी ‘कम्स इन’ असे लिहून खोलीत काही शिरत नाही एवढे दाखवले. त्यापुढे इंग्रजी येईना.

आणि वैरण. गुरांपुढे टाकतो ती वैरण, आणि जात्याच्या तोंडात मुठीमुठीने सोडायचे दाणे तीही वैरण. एकाच शब्दात जाते दावणीच्या गाईसारखे होते : भुकेले, घरचे, आपल्या हातून खाणारे. नुसते ग्रेन म्हटले तर दाणे उरतात, गाय जाते. फीड म्हटले तर कोंबड्यांचे खाद्य वाटते. मी माउथफुल घेतले. त्याने जात्याला निदान तोंड दिले. पण घास हा माणसाचाही असतो, त्यामुळे गोठा निसटला. शिवाय मूळ कडव्यात ‘मुठीची वैरण मुठीतच’ अशी जी मूठ दोनदा आवळली जाते, ती माझ्या ओळींत एकदाच, आणि तीही उघड्या हाताची झाली. या कडव्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला आणि याच कडव्यावर सर्वांत कमी समाधानी आहे.

तिसऱ्या कडव्याने कमी छळले. ‘ऊन ऊन’ची द्विरुक्ती इंग्रजीत सहसा बाळबोध वाटते, पण इथे चालून गेली. गिरणीतून आणलेले पीठ खरोखरच गरम असते, आणि ही ऊब यंत्राची आहे, हे वाचणाऱ्याला जाणवते. ‘नाहीं त्यांत नातीं’मध्ये व्याकरणाने ‘नाहींत’ हवे होते. त्यातला एक ‘त’ छंदाने खाल्ला, पण लगेच पुढे ‘त्यांत’ येत असल्यामुळे कानाला तो चुकल्यासारखा वाटत नाही. किन म्हणजे नात्यातली माणसे, नाती नव्हेत. हा फरक मी चालवून घेतला, कारण स्किनशी जुळणारे, दोन ठोक्यांत बसणारे दुसरे काही सापडले नाही. खरे सांगायचे तर यमकाने मला तिथे ओढत नेले आहे. शेवटची ओळही मुळापेक्षा जास्त तुटक झाली.

कार्यक्रमाच्या कागदावर टिपा द्यायच्या की नाही, यावर कुटुंबात वाद झाला. टीप म्हणजे भाषांतर फसल्याची कबुली, असे काकांचे म्हणणे. मी दोनच टिपा दिल्या, एक वैरणीची आणि एक ‘घरीं जातें’ची, प्रत्येकी दोन वाक्यांची. ओवीला टीप दिली नाही. तिथे मुलीनेच तोड काढली. तिने आधी मराठी कडवी जुन्या टिंबांसकट कागदावर उतरवून घेतली होती आणि ती चालीवर म्हटली. ‘घरीं जातें’च्या चार अक्षरांनंतर जी रिकामी जागा उरते, तिथे ती चालीप्रमाणे थांबली. मग इंग्रजी वाचले.

काकू मागच्या रांगेत होत्या. बाहेर पडताना म्हणाल्या, बाकी ठीक आहे, पण मी असते तर पहिल्या कडव्यात बाईला घरी धाडलं असतं आणि जातं टिपेत ठेवलं असतं.